भाऊसाहेबांच्या निरोपाचे भाषण: एका पुनर्लेखनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेचे मुख्य लिपिक 31 मे 2024 रोजी सेवानिवृत्त होणार होते. शाळेत त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. व्यक्तींची आणि शाळेची ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. भाऊसाहेब 1992 मध्ये या शाळेत रुजू झाले होते. त्यांची नोंदलेली जन्मतारीख 1 जून होती आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, या नियमाने त्यांना अठ्ठावन्नावा वाढदिवस घरीच साजरा करायचा होता. जन्माचा दाखला नसलेल्या मुलांच्या नावापुढे शाळेत 1 जून ही तारीख लिहिण्याची जुनी पद्धत आपल्या पिढीला ठाऊक आहे. भाऊसाहेबांची तारीखही तशीच पडलेली होती.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असल्यामुळे सेवापूर्ती समारंभ एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात ठरला. शिक्षकांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी विज्ञान शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ मॅडमवर आली, कारण 1998 पासून त्यांनी भाऊसाहेबांबरोबर काम केले होते. नेमके त्याच दिवसांत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणे, निकालपत्रके भरणे आणि 7 मेच्या लोकसभा मतदानासाठी निवडणूक प्रशिक्षणाला हजेरी लावणे अशी तिन्ही कामे अंगावर आली होती. प्रशिक्षणाहून परतताना, रिक्षात बसल्या बसल्या, त्यांनी मोबाइलवरील एका एआय साधनाला भाऊसाहेबांचे नाव, पद, सेवेची वर्षे आणि शाळेचे नाव एवढी माहिती दिली आणि निरोपाचे भाषण लिहून घेतले.

मी सोलापुरातच दुसऱ्या शाळेत मराठी शिकवते. मॅडम माझ्या जुन्या मैत्रीण आहेत. समारंभाच्या चार दिवस आधी त्यांनी ते भाषण मला पाठवले आणि सोबत एवढेच लिहिले, की शुद्धलेखन तेवढे बघून द्या.

अडचण

भाषण सुमारे 870 शब्दांचे होते आणि वरवर पाहता नीटनेटके होते. त्यातील काही वाक्ये येथे देते.

"आदरणीय श्री. भाऊसाहेब जी, आज आपण सर्वजण एका अत्यंत भावनिक क्षणाचे साक्षीदार होण्यासाठी येथे जमलो आहोत. आपली निष्ठा, समर्पण आणि सचोटी आम्हा सर्वांसाठी दीपस्तंभासारखी राहील. मी आपल्याकडून खूप काही शिकलो. भर पावसातही आपण सर्वांत आधी शाळेत पोहोचत होता आणि शाळेच्या संगणकीकरणात आपण घेतलेला पुढाकार अविस्मरणीय आहे. आपल्याशिवाय हे कार्यालय पूर्वीसारखे राहणार नाही."

शुद्धलेखनाच्या चुका यात जवळजवळ नव्हत्या. खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या. नावापुढचा "जी" हिंदीतून आलेला होता. बोलणारी व्यक्ती स्त्री असूनही "शिकलो" असे पुल्लिंगी क्रियापद संपूर्ण भाषणभर होते. "पूर्वीसारखे राहणार नाही" हे वाक्य व्याकरणाने मराठी असले, तरी निरोप देताना आपल्याकडे कोणी असे म्हणत नाही. आपण "चुकल्याचुकल्यासारखं होईल" म्हणतो. सव्वीस वर्षे ज्यांना मॅडम "तुम्ही" म्हणत आल्या, त्यांना भाषणात एकदम "आपण" म्हटले होते, आणि हे "आपण" आदरापेक्षा परकेपणाकडे अधिक झुकत होते.

या गोष्टी दुरुस्त करून मी भाषण परत पाठवले असते, तर मला सांगितलेले काम पूर्ण झाले असते. मात्र वाचताना मला एक शंका आली आणि ती तपासून पाहण्यासाठी मी प्रत्येक वाक्यात भाऊसाहेबांच्या जागी माझ्या स्वतःच्या शाळेतून आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या लिपिकांचे नाव घालून पाहिले. एकूण 46 वाक्यांपैकी 41 वाक्ये त्यांनाही तंतोतंत लागू पडली. उरलेल्या पाचांपैकी तीन वाक्यांत मॅडमनी स्वतः पुरवलेली माहिती होती, म्हणजे नाव, पद आणि वर्षे. राहिली दोन वाक्ये, जी फक्त भाऊसाहेबांबद्दलच असावीत असे वाटत होते: भर पावसात सर्वांत आधी शाळेत येणे आणि संगणकीकरणातील पुढाकार.

मी मॅडमना फोन करून ही दोन वाक्ये वाचून दाखवली आणि हे खरे आहे का, असे विचारले. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो, शाळा उघडतात ते आमचे शिपाई मामा. भाऊसाहेब बरोबर पावणेअकराला येतात. आणि संगणकाला तर त्यांनी दोन वर्षं हात लावला नव्हता. पगाराची बिलं शालार्थवर आली तेव्हा नाइलाजानं शिकले, आणि शिकले ते मात्र सगळ्यांपेक्षा पक्के शिकले."

प्रकरणाचे मर्म मला येथे सापडले. भाषणातील जे काही खरे होते ते कोणालाही लागू पडणारे होते, आणि जे फक्त भाऊसाहेबांचे म्हणून लिहिले होते ते खोटे होते. समारंभाला पन्नास-साठ माणसे असणार होती आणि त्यांतील बहुतेकांना भाऊसाहेब किती वाजता येतात हे ठाऊक होते. अशा सभेत एक वाक्य खोटे निघाले, की ऐकणारा पुढच्या खऱ्या वाक्यावरही विश्वास ठेवत नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल आपण बोलतो ते समोर खुर्चीवर बसलेले असतात. न केलेल्या कामाचे श्रेय चारचौघांत स्वीकारायला लावणे ही कागदपत्रांत आयुष्य काढलेल्या माणसाला किती संकोचाची गोष्ट झाली असती, याचा विचार आम्हा दोघींच्या मनात एकाच वेळी आला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय भाषेची डागडुजी करण्याचा होता. लिंग, संबोधन आणि उसनी वाक्ये सुधारायची, दोन खोटी वाक्ये काढायची आणि भाषण तसेच द्यायचे. वेळ कमी असल्यामुळे मॅडमचा कल सुरुवातीला याकडेच होता. यात चुकीचे काही घडले नसते, पण भाषणात भाऊसाहेबही कुठे आले नसते.

दुसरा पर्याय असलेल्या भाषणात जागोजागी आठवणी घालण्याचा होता. मॅडमनी त्याच रात्री तसा प्रयत्न करून मला पाठवला आणि त्यातून मलाही नवे काही शिकायला मिळाले. त्यांनी लिहिले होते: "आपण सचोटीचे मूर्तिमंत उदाहरण आहात. उदाहरणार्थ, एकदा आपण माझा अर्ज तीन वेळा परत केला होता." अर्ज तीनदा परत येणे ही सांगण्यासारखी घटना होती, पण येथे ती विशेषणाचा पुरावा म्हणून, जणू शेपटासारखी, मागे जोडली गेली होती. ऐकणाऱ्याला निष्कर्ष आधीच मिळालेला असल्यामुळे घटना ऐकण्याचे कारणच उरत नव्हते. घटना आधी सांगितली, तर सचोटी हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो आणि वक्त्याला तो उच्चारावाही लागत नाही.

तिसरा पर्याय लिहून न नेता उत्स्फूर्त बोलण्याचा होता. मॅडमनी तो लगेच नाकारला, कारण वर्गात तासन्तास बोलणाऱ्या या बाई समारंभात भावना अनावर झाल्या की वाक्य अर्धवट सोडतात, हे त्यांना स्वतःबद्दल ठाऊक होते. चौथा पर्याय भाषण बाजूला ठेवून आठवणींतून नव्याने लिहिण्याचा होता आणि आम्ही तो निवडला. जुन्या मसुद्यातून व्यासपीठावरील मान्यवरांचा उल्लेख आणि भाऊसाहेबांच्या पत्नीचे आभार मानण्याची कल्पना, एवढ्या दोनच गोष्टी घेतल्या. मसुद्याचा क्रमही सोडून दिला, कारण अभिवादन, गुण, योगदान आणि शुभेच्छा या क्रमात लिहायला बसले की हात पुन्हा त्याच शब्दांकडे वळतो.

आठवणी गोळा करणे

मी भाऊसाहेबांना कधी पाहिलेले नव्हते आणि त्याचा येथे उपयोग झाला, कारण मला काहीच गृहीत धरता येत नव्हते. "ते कसे आहेत?" असे विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "कडक, पण मनानं प्रेमळ." हे उत्तर कोणत्याही भाऊसाहेबांबद्दल मिळाले असते. तेव्हा मी गुण विचारणे सोडले आणि वस्तूंबद्दल विचारले. त्यांच्या टेबलावर काय असते, कपाटात काय असते, तुम्ही काही मागायला गेलात तर ते आधी काय करतात?

दुसऱ्या प्रश्नावर चादर आली. शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यात शाळा सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते आणि ज्यावरून आजही दाखले निघतात, ते भाऊसाहेब एका जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत. पाने विरू लागली, की घरून खळ करून आणत आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही. मग पातळ कागद लावून एकेक पान जोडत. मॅडम हे सव्वीस वर्षे पाहत होत्या, आणि तरीही भाषणासाठी ही आठवण त्यांना सुचली नव्हती, कारण ती त्यांना आठवण वाटतच नव्हती. ते त्यांच्या लेखी कार्यालयातले रोजचे दृश्य होते.

त्यानंतरचा प्रश्न मी थोडा बिचकतच विचारला: तुम्ही त्यांच्यावर कधी चिडलात? त्यावर मॅडम न थांबता दहा मिनिटे बोलल्या. रुजू झाल्या तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. पदवीच्या प्रमाणपत्रांवर माहेरचे नाव, बाकी काही कागदांवर सासरचे, आणि आडनावाच्या लेखनातही फरक. सेवापुस्तकातील नावासाठी भाऊसाहेबांनी त्यांचा अर्ज तीन वेळा परत केला आणि शेवटी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायला लावले. तिसऱ्या वेळी मॅडम शिक्षक-खोलीत रडल्या होत्या. पुढे 2011 मध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायची वेळ आली, तेव्हा कागदपत्रांवर एकही शंका निघाली नाही आणि प्रस्ताव पहिल्याच खेपेत मंजूर झाला. ज्यांची नावे जुळत नव्हती त्यांचे प्रस्ताव परत येत होते, हे त्यांनी तेव्हा पाहिले.

या आठवणीत मॅडमनी एक वाक्य घातले होते. भाऊसाहेब त्या वेळी म्हणाले होते, "कागद बरोबर असला की माणसाला हात पसरावा लागत नाही." वाक्य छान होते आणि भाषणात शोभलेही असते. मी विचारले, हे शब्द नक्की त्यांचेच आहेत का? मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितले, की अर्थ असाच होता, पण शब्द कदाचित त्यांचे स्वतःचे असतील. आम्ही ते वाक्य काढले. त्याच्या जागी त्यांना स्पष्ट आठवत असलेली कृती घेतली: भाऊसाहेब अर्ज परत देताना तो आधी टेबलावर मॅडमच्या बाजूला फिरवत, चुकीच्या अक्षराखाली पेन्सिलचे टोक ठेवत आणि ते अक्षर वाचून होईपर्यंत टोक उचलत नसत. माझ्या मते या एका बदलाने भाषणाला सर्वाधिक बळ दिले. माणसाच्या तोंडी घातलेले चांगले वाक्य ऐकणाऱ्याला संशयास्पद वाटू शकते. पेन्सिलचे टोक मात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना लगेच ओळखू येते.

आठवणींची पडताळणी

मॅडमची दुसरी आवडती आठवण कार्यालयाचे छत गळाल्याची होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एका रात्री अवकाळी पाऊस झाला, छतातून पाणी आले आणि भाऊसाहेबांनी धावत येऊन सगळी रजिस्टरे बाहेर काढली. एआयने रचलेल्या पावसाच्या वाक्यानंतर मी पावसाबाबत सावध झाले होते, म्हणून ही घटना आणखी दोघांना विचारायचे ठरले. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आणि तेव्हाच्या एक निवृत्त शिक्षिका या दोघांनी सांगितलेली हकिकत एकमेकांशी जुळली आणि मॅडमच्या हकिकतीपेक्षा वेगळी निघाली. ती घटना 2003 मधली होती. त्या रात्री भाऊसाहेब रजेवर, गावी होते. कपाटाचे कुलूप तोडून रजिस्टरे व्हरांड्यात आणली ती मामांनी. भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि त्यानंतर आठ दिवस त्यांनी ओल्या पानांमध्ये टीपकागद घालून, वर्गातले पंखे लावून, एकेक पान सुकवले.

मॅडमना याचे वाईट वाटले. खोटे बोलण्याचा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. वीस वर्षांत दोन माणसांची कामे स्मरणात एकत्र झाली होती आणि ज्यांच्याबद्दल बोलायचे त्यांच्या नावावर जमा झाली होती. ही आठवण गाळावी की दुरुस्त करून सांगावी, यावर आमचा थोडा वाद झाला. मॅडमचे म्हणणे होते की निरोप भाऊसाहेबांचा आहे, त्यात मामांचे कौतुक आले तर लक्ष विभागले जाईल. मला उलट वाटत होते. मामा त्या सभेत चहा देत उभे असणार होते आणि त्यांच्यासमोर त्यांचे काम दुसऱ्याच्या नावावर सांगणे किंवा ते टाळण्यासाठी घटनाच लपवणे, दोन्ही बरोबर नव्हते. शेवटी खरी हकिकत जशी घडली तशीच, दोघांच्या वाट्यासह, घ्यायचे ठरले.

तिसरी आठवण विडी कामगार आईची होती आणि तिच्याबाबत निर्णय सर्वांत अवघड होता. पूर्व भागातल्या अनेक घरांत वडील मागावर आणि आई विड्या वळणारी, अशी परिस्थिती असते. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी कामगाराचे ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि शाळेची सही-शिक्का लागतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी, विड्या कारखान्यात देऊन, एक आई प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड घेऊन खिडकीशी आली. तिला मराठी नीट येत नव्हते. भाऊसाहेबांनी समोरचा डबा झाकला, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि तेलुगूत "रा अम्मा" म्हणून तिला आत बोलावले. मॅडम तेव्हा तिथेच उभ्या होत्या.

त्या बाईंचा मुलगा आता नोकरीला आहे आणि माजी विद्यार्थी म्हणून समारंभाला येणार होता. नाव घेतले असते तर टाळ्या नक्कीच पडल्या असत्या. पण एखाद्याच्या घरची ओढाताण दुसऱ्याच्या सत्काराची शोभा म्हणून वापरली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. मॅडमनी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, प्रसंग जरूर सांगा. आईचं आणि माझं नाव नको. आईला चारचौघांत अवघडल्यासारखं होईल." त्यानुसार भाषणात "एक आई" एवढाच उल्लेख ठेवला, वर्षही सांगितले नाही आणि तिच्या गरिबीचे वर्णन करणारी दोन वाक्ये काढून टाकली. प्रसंगाला त्यांची गरज नव्हती.

भाऊसाहेबांच्या पत्नीचे आजारपण आणि एका माजी मुख्याध्यापकांशी झालेला त्यांचा दीर्घ वाद, या दोन गोष्टी सर्वांना ठाऊक असूनही आम्ही चर्चेविना बाजूला ठेवल्या.

पुनर्लेखन

नवे भाषण सुमारे 540 शब्दांचे झाले. मॅडम मिनिटाला अंदाजे 105 शब्द बोलतात, हे मोबाइलवर वेळ लावून पाहिले होते. म्हणजे पाच मिनिटांपेक्षा थोडे जास्त. लिखाणाची भाषाही बोलण्याच्या वळणावर आणली. मॅडमनी "झाले होते" असे लिहिलेले वाचून दाखवले, की त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा व्हायचा; "झालं होतं" लिहिल्यावर तो सैल झाला.

सुरुवात कोणत्या आठवणीने करायची हा पुढचा प्रश्न होता. मॅडमना आईचा प्रसंग आधी हवा होता, कारण तो सर्वांत हृद्य होता. मी अर्जाचा प्रसंग आधी घ्यावा असे सुचवले. त्यात वक्ता स्वतः चिडलेला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ही स्तुतीची औपचारिकता नाही हे पहिल्या मिनिटात कळते आणि पुढचे तो मोकळेपणाने ऐकतो. शेवटी सुरुवातीचा परिच्छेद असा झाला:

"भाऊसाहेब, 1998 च्या जुलैमध्ये मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की महिनाभर कार्यालयाच्या खिडकीशी आले नाही. माझा अर्ज तुम्ही तिसऱ्यांदा परत केला होता. तुम्ही काही बोलला नाहीत. कागद माझ्याकडे फिरवलात, आडनावातल्या एका अक्षराखाली पेन्सिलचं टोक ठेवलंत आणि मी वाचेपर्यंत उचललं नाहीत. ते अक्षर तेव्हा मला फार क्षुल्लक वाटलं होतं. तेरा वर्षांनी आईच्या ऑपरेशनचे पैसे मला ज्या कागदावर मिळाले, त्यावर ते अक्षर बरोबर होतं."

जुन्या मसुद्यात याच गोष्टीसाठी "निष्ठा, समर्पण आणि सचोटी" हे तीन शब्द होते. नव्या भाषणात हे तिन्ही शब्द कुठेच आले नाहीत.

रजिस्टरांचा प्रसंग मध्ये आणि आईचा प्रसंग त्यानंतर ठेवला. सरावात मॅडमचा गळा प्रत्येक वेळी "रा अम्मा" या शब्दांपाशी दाटून येई. तिथे कागदावर रेघ मारून थांबायची खूण केली आणि त्याच्या पुढचे वाक्य मुद्दाम चार शब्दांचे ठेवले, म्हणजे आवाज परत येईपर्यंत फार बोलावे लागणार नाही. पत्नीच्या आभारांचे मसुद्यातले वाक्य होते, "त्यांच्या भक्कम पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हते." मॅडमना विचारले तेव्हा आठवले, की लेखापरीक्षणाच्या आठवड्यात भाऊसाहेबांचा डबा दुप्पट यायचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि कार्यालयात उशिरापर्यंत थांबलेले सगळे त्यातच जेवायचे. मग वाक्य झाले, "वहिनी, ऑडिटच्या आठवड्यात आम्ही सगळे तुमच्या हातचं जेवलो आहोत."

शेवट करताना पुढील वाटचालीच्या शुभेच्छा हव्यातच, असा मॅडमचा आग्रह होता आणि तो रास्त होता, कारण अशा समारंभाची ती रीत आहे. फक्त त्या शुभेच्छेला त्यांची तारीख दिली. लिपिकांना उन्हाळी सुट्टी नसते आणि जूनच्या आरंभी प्रवेशाची कामे सुरू होतात, त्यामुळे भाऊसाहेबांचा प्रत्येक वाढदिवस कार्यालयात गेला होता. भाषणाचे शेवटचे वाक्य होते, "येत्या 1 जूनला तुम्हाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला आम्हाला पहिल्यांदाच तुमच्या घरी यावं लागणार आहे, आणि आम्ही येणार आहोत."

समारंभ आणि परिणाम

समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. मीही निमंत्रणावरून गेले होते. पाच मिनिटांचे भाषण साडेसहा मिनिटे चालले, कारण अर्जाच्या प्रसंगावर सभेत हशा पिकला आणि तीन-चार शिक्षकांनी मागून "आमचाही" असे म्हटले. मामांच्या नावाशी पोहोचताच दाराजवळ उभ्या असलेल्या मामांनी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. टाळ्या आधी मागच्या बाकांवरून आल्या. आईच्या प्रसंगाला मॅडम थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे वाचू शकल्या. तो माजी विद्यार्थी मान खाली घालून बसला होता. नंतर त्याने मॅडमना नमस्कार केला आणि काही न बोलता गेला.

सर्वांनाच भाषण आवडले असे मात्र झाले नाही. एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी चहाच्या वेळी सांगितले, की भाषण घरगुती झाले, संस्थेच्या वाटचालीचा त्यात उल्लेख हवा होता. या म्हणण्यात तथ्य आहे. शिक्षकांच्या वतीने केलेल्या भाषणाला काही औपचारिक कर्तव्ये असतात आणि आठवणींच्या ओघात आम्ही त्यांना एका वाक्याचीही जागा दिली नव्हती.

उत्तरादाखल केलेल्या मनोगतात भाऊसाहेबांनी मॅडमच्या भाषणातील एक तपशील सुधारला. रजिस्टरावरची चादर जुनीपुराणी म्हणून आणलेली नव्हती. त्यांचे वडील हातमागावर विणकाम करत आणि ती त्यांनी विणलेली शेवटची चादर होती. वडील गेल्यावर तिचे दोन भाग केले. एक घरी ठेवला आणि दुसरा शाळेत आणला. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळले. सभागृहातील कोणालाही हे आधी माहीत नव्हते.

वेगळे काय करता आले असते

आम्ही सहकाऱ्यांना विचारले, मामांना विचारले, माजी विद्यार्थ्याला विचारले, पण भाऊसाहेबांच्या घरी कोणालाच विचारले नाही. भाषण त्यांच्यापासून गुप्त ठेवायचे होते हे खरे, तरी वहिनींना किंवा मुलीला एक फोन करता आला असता. चादरीची हकिकत त्यांच्याकडून कळली असती, आणि ती भाषणात घ्यावी की भाऊसाहेबांनाच सांगू द्यावी, हा निर्णय निदान आम्हाला जाणीवपूर्वक करता आला असता. जे घडले ते चांगलेच घडले, परंतु ते योगायोगाने घडले. "जुनी चादर" म्हणताना आमच्याकडून नकळत अनादरही होऊ शकला असता.

परवानगीचा फोन समारंभाच्या आदल्या संध्याकाळी केला गेला. त्या मुलाने नकार दिला असता, तर भाषणाचा तिसरा भाग एका रात्रीत उभा करावा लागला असता. दुसऱ्याच्या घराशी संबंध असलेली आठवण हाती येताच पहिला फोन तिच्यासाठी व्हायला हवा होता.

तयार मसुद्याबाबत आम्हा दोघींचे मत आजही पूर्णपणे एक नाही. मॅडम म्हणतात, की तो मसुदा नसता तर त्या कामाला सुरुवातच झाली नसती आणि माझ्याशी बोलणेही झाले नसते. मला वाटते, त्या मसुद्याचे नीटनेटकेपण हाच त्याचा धोका होता. तो वाईट लिहिलेला असता, तर मॅडमनी स्वतःच तो बाजूला ठेवला असता. तो व्यवस्थित दिसत होता, म्हणून त्यांना फक्त शुद्धलेखनाची काळजी वाटली. वाक्यात दुसऱ्याचे नाव घालून पाहण्याची तपासणी करायला मला अर्धा तास लागला. ती मॅडमना आधी माहीत असती, तर ती त्यांनी रिक्षातच करून पाहिली असती.

मामांची निवृत्ती अजून काही वर्षे दूर आहे, कारण चतुर्थ श्रेणीचे वय साठ आहे. मॅडमनी त्यांच्यासाठी एक वही आताच सुरू केली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर 2003 मधल्या त्या रात्री कपाटाचे कुलूप कशाने तोडले, ते मामांना विचारून, तारखेसह लिहून ठेवले आहे.